हुरड्याला १२ पाहुणे, पण कोणीच कोणाला ओळखत नाही. यजमानाने नेमके काय करायचे?

सोनई (जि. अहिल्यानगर) : डिसेंबर उजाडला की नेवासे, राहुरी, शेवगाव भागात रब्बीच्या ज्वारीची कणसे भरू लागतात आणि घरोघरी फोन सुरू होतात, 'रविवारी हुरड्याला या.' बोलावणे सोपे असते. अडचण येते ती पाहुणे वस्तीवर पोहोचल्यावर. मुलाचे पुण्याचे मित्र एका बाजूला मोबाइल बघत उभे राहतात. मामा-मामी घरातल्या खुर्चीवरून हलत नाहीत. बदली होऊन गावात आलेल्या बँकेतल्या मॅडम बांधावर एकट्याच फोटो काढत फिरतात. हुरडा सगळे खातात, 'छान झाला' असे सांगतात आणि जाताना एकमेकांची नावेही त्यांना माहीत नसतात.

आठ-दहा ते पंधरा माणसांच्या छोट्या कार्यक्रमात हे हमखास घडते. लग्नासारख्या मोठ्या गर्दीत एकटा माणूस लपून जातो. छोट्या बैठकीत मात्र त्याचे एकटेपण सगळ्यांना दिसते, त्याला स्वतःला तर सर्वांत जास्त. सोनईसारख्या गावात साखर कारखाना, शाळा-महाविद्यालये आणि बँका असल्याने बाहेरगावाहून नोकरीसाठी आलेली माणसे बरीच असतात. त्यांच्यासाठी असा एक रविवार म्हणजे गावात दोन-चार ओळखी होण्याची संधी असते. ती साधायची की घालवायची, हे बरेचसे यजमानाच्या मांडणीवर ठरते.

पाहुणे आपोआप का मिसळत नाहीत?

'एकत्र आले की बोलतील आपोआप' हा बहुतेक यजमानांचा समज असतो. अमेरिकेतील कोलंबिया बिझनेस स्कूलचे पॉल इंग्रॅम आणि मायकेल मॉरिस यांनी हाच समज तपासून पाहिला. सुमारे १०० व्यावसायिकांचा एक मेळावा भरवून त्यांनी प्रत्येकाला इलेक्ट्रॉनिक बिल्ला लावायला दिला. कोण कोणाशी किती वेळ बोलले, याची नोंद त्या बिल्ल्यात होत होती. नव्या लोकांना भेटण्यासाठीच आलो आहोत, असे बहुतेकांनी आधी सांगितले होते. प्रत्यक्षात मात्र ते जुन्या ओळखीच्यांकडेच जास्त वळले. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला.

याचा अर्थ असा की, इच्छा असूनही माणूस ओळखीच्या चेहऱ्याकडे सरकतो. त्यात त्याचा दोष नाही आणि 'अहो, बोला ना एकमेकांशी' असे सांगूनही फरक पडत नाही. उलट दोघेही अवघडतात. बसायची जागा, हाताला काम आणि उठायचे निमित्त या तीन गोष्टी मात्र यजमानाच्या हातात असतात. हुरड्याच्या कार्यक्रमात त्या तिन्ही आयत्याच मिळतात.

आगटीभोवती असे काय घडते?

आगटी म्हणजे जमिनीत केलेला वीतभर खोल, हात-दीड हात रुंद खड्डा. त्यात गोवऱ्या पेटवतात. ज्वाळा आणि धूर ओसरून लाल निखारे उरले की हिरवी कणसे त्यात खुपसतात. काही मिनिटांत कणीस भाजले जाते. ते गरम असतानाच चोळून दाणे काढायचे, सुपात पाखडायचे आणि ताटात टाकायचे. शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, गूळ, खोबरे, शेव, दही सोबत घेऊन लगेच खायचे. गार झालेल्या हुरड्याची चव उतरते.

पाहुण्यांच्या दृष्टीने यात तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे हुरडा एकदम सगळ्यांना पुरेल इतका निघत नाही. एका घाण्याला चार-पाच कणसे, त्यातून प्रत्येकाच्या वाट्याला दोन घास, मग पुन्हा थांबायचे. या थांबण्यातच गप्पा होतात. बोलायला काही सुचले नाही तरी निखाऱ्याकडे बघत बसता येते आणि ती शांतता कोणाला टोचत नाही. बुफेच्या रांगेत किंवा सोफ्यावर समोरासमोर बसल्यावर ही सोय नसते.

दुसरी म्हणजे कणीस चोळायला येत नाही, हेच संभाषणाचे कारण होते. शहरातून आलेला माणूस गरम कणीस हातात घेऊन फुंकर मारत बसतो, तेव्हा शेजारचा न राहवून म्हणतोच, 'तसं नाही, असं धरा.' शिकवणारा आणि शिकणारा अशी जोडी लागली की नाव-गाव मागाहून येते.

तिसरी म्हणजे ताट एकच असते. केटलिन वूली आणि आयलेट फिशबॅक या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अनोळखी माणसांच्या जोड्यांना चिप्स आणि चटणी दिली. काहींना दोघांत एक वाडगा, तर काहींना वेगवेगळे वाडगे. त्यानंतर त्यांना एका काल्पनिक पगारवाढीच्या वाटाघाटीला बसवले. एका वाडग्यातून खाल्लेल्या जोड्यांची तडजोड लवकर झाली. दुसऱ्याला किती उरले आहे, हे बघत खावे लागते, तिथूनच एकमेकांचा विचार सुरू होतो, असे त्यांचे म्हणणे. म्हणून हुरडा प्रत्येकाच्या प्लेटमध्ये वाढण्यापेक्षा तीन-चार जणांत एक ताट ठेवणे चांगले. कोणाला सामाईक ताट नको असेल, तर त्याच्यासाठी एखादी वाटी आणि चमचा जवळ ठेवावा, आग्रह करू नये.

किती माणसांना किती आगट्या?

इथे बहुतेकांची पहिली चूक होते. १२ पाहुणे आणि घरचे चार, म्हणून एक मोठी आगटी पेटवली जाते आणि सगळे तिच्याभोवती बसतात. पण १६ माणसांची एक गप्पा कधीच होत नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये लोकांच्या सहज जमलेल्या घोळक्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. एका संभाषणात साधारण चार माणसे टिकतात, पाचवा आला की ते फुटू लागते, असे त्यांना आढळले. मोठ्या रिंगणात मग एक-दोन बोलके लोक भाषण देतात आणि बाकीचे श्रोते होतात. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ते नवे पाहुणे श्रोत्यांतच अडकतात.

म्हणून सात-आठ माणसांमागे एक आगटी धरावी. आठ जणांत सहज दोन गप्पा रंगतात आणि एकातून दुसऱ्यात कान देता येतो. दोन आगट्यांमधले अंतर पंधरा-वीस पावलांपेक्षा जास्त नको. तिकडचा हशा इकडे ऐकू आला पाहिजे, म्हणजे उठून जावेसे वाटते.

बसण्याचा आकारही ठरवून घ्यावा. पूर्ण गोल करू नये, घोड्याच्या नालेसारखा एका बाजूने मोकळा ठेवावा. वारा ज्या दिशेला वाहतो ती बाजू मोकळी सोडली की धूर कोणाच्या डोळ्यांत जात नाही. उशिरा आलेल्या पाहुण्यालाही आत शिरायला वाट राहते. बंद रिंगणाबाहेर उभ्या माणसाला 'सरका जरा' म्हणायचा धीर होत नाही.

आणखी एक गोष्ट खुर्च्यांची. ज्येष्ठांना खाली बसता येत नाही, म्हणून त्यांच्या खुर्च्या लांब सावलीत मांडल्या जातात. तिथे लगेच वेगळा गट तयार होतो. त्यापेक्षा बुटके स्टूल, पाट किंवा बाज आगटीच्या रिंगणातच घ्यावी. डोळ्यांची पातळी जवळपास सारखी राहिली की बोलणे सोपे जाते.

उदाहरणार्थ, १२ पाहुण्यांचे नियोजन

समजा, सोनईजवळच्या वस्तीवर राहणाऱ्या एका कुटुंबाने हुरडा ठेवला आहे. घरात आई, वडील, मुलगा, सून असे चौघे. पाहुणे असे : बदलून आलेल्या बँक अधिकारी आणि त्यांचे पती, मुलाचे पुण्याचे दोन मित्र, राहुरीचे मामा-मामी, शेजारचे शेतकरी दांपत्य, गावातले एक निवृत्त गुरुजी, सुनेची छत्रपती संभाजीनगरची मैत्रीण आणि तिची आई, शिवाय कारखान्यात नव्याने लागलेला एक इंजिनिअर. एकूण १२.

आदल्या रात्री यजमानांनी कागदावर दोन गट पाडावेत. नियम एवढाच की, जोडीने आलेल्यांच्या जागा शक्यतो वेगवेगळ्या आगट्यांवर आणि एकट्याने आलेल्यांच्या जागा सर्वांत आधी ठरवायच्या. इथे एकटे दोघेच आहेत, गुरुजी आणि इंजिनिअर.

पहिल्या आगटीवर बँक अधिकारी, पुण्याचा एक मित्र, मामा, शेजारच्या काकू, गुरुजी आणि मैत्रिणीची आई. दुसऱ्या आगटीवर अधिकाऱ्यांचे पती, पुण्याचा दुसरा मित्र, मामी, शेजारचे काका, मैत्रीण आणि इंजिनिअर. पहिल्या आगटीचे निखारे मुलगा सांभाळेल, आई पाहुण्यांकडे बघेल. दुसऱ्या आगटीचे निखारे शेजारच्या काकांकडे, माणसे सुनेकडे. वडील दोन्हीकडे फिरते राहतील.

यात दोन बारकावे आहेत. मुख्य यजमानाने स्वतः निखाऱ्यांपाशी बसायचे नाही. एकदा कणसे भाजायला घेतली की मान वर काढायला सवड मिळत नाही आणि कोण एकटे पडले आहे, हे दिसत नाही. दुसरे म्हणजे शेजारच्या काकांना काम देणे हा त्यांचा मान आहे. गावातला माणूस शहरी पाहुण्यांपुढे बुजतो, पण आगटीवर तोच जाणकार असतो. 'काका, आज तुमच्या हाताखाली सगळे' असे म्हटले की बोलण्याची सूत्रे त्यांच्याकडे जातात.

पाहुणा फारच बुजरा असेल, तर जोडी तोडू नये. मैत्रीण आणि तिची आई वेगळ्या बसल्या तरी एकमेकींना दिसतील अशा बसवाव्यात.

ओळख करून देताना आडनावापाशी थांबू नका

आपल्याकडे ओळखीचा ठरलेला साचा आहे. आडनाव काय, गाव कोणते, तिकडचे अमुक तुमचे कोण? पाहुणे नात्यातले असतील तर त्यातून सोयरिकीचे धागे जुळतात आणि गप्पा रंगतात. पण बाहेरून आलेल्या माणसाला त्यात काही जोडता येत नाही. शिवाय आडनावाचा प्रश्न लांबला की तो जातीपर्यंत जातो आणि समोरचा आवरून घेतो. पगार, लग्न, मूल-बाळ या प्रश्नांचेही तसेच.

यजमानाने आधीच दुसरा धागा हातात दिला, तर हे टळते. नाव सांगायचे आणि त्याला जोडून अशी एक गोष्ट सांगायची, जिच्यावर समोरच्याला प्रश्न विचारता येईल. नुसते 'या बँकेत असतात' म्हटले की 'हो का?' म्हणून विषय संपतो किंवा लगेच कर्जाची चौकशी सुरू होते. त्याऐवजी आईने म्हणावे, 'गुरुजी, या मॅडम कोकणातल्या. हुरडा पहिल्यांदाच खातायत. तुम्हीच सांगा यांना, गुळभेंडी कशी ओळखायची.' किंवा सुनेने म्हणावे, 'मामी, हे कारखान्यात आलेत नवीन. खोलीवर स्वतः स्वयंपाक करतात, आणि भाकरी काही केल्या फुगत नाही म्हणतात.' मामींना पुढचे काही शिकवावे लागत नाही.

अशी गोष्ट सांगण्याआधी ती चारचौघांत सांगितलेली चालेल ना, हे त्या पाहुण्याला फोनवरच विचारून घ्यावे. आजारपण, सुटलेली नोकरी, अडलेले लग्न या गोष्टी ओळखीत कधीच येऊ नयेत.

सगळ्यांना उभे करून 'आता प्रत्येकाने आपली ओळख करून द्या' असा कार्यक्रमही टाळावा. १२ नावे एकदम कोणाच्या लक्षात राहत नाहीत आणि पाळी येईपर्यंत बुजरा माणूस दडपणाखाली असतो. दोन-दोन, तीन-तीन माणसांची ओळख पुरते.

जागा बदलायला निमित्त द्या

पहिल्या अर्ध्या तासात बसलेले गट तसेच राहिले, तर एका आगटीच्या पाहुण्यांना दुसरीकडचे कोण हे कळतच नाही. 'चला, आता जागा बदला' असे जाहीर केले तर शाळेसारखे वाटते. त्यावर सोपा उपाय ताटांतच आहे. तोंडी लावण्याचे सगळे पदार्थ दोन्हीकडे ठेवू नयेत. लसणाची चटणी आणि गूळ पहिल्या आगटीवर, दही आणि शेव दुसऱ्या आगटीवर.

दोन-तीन घाणे झाले की आई पुण्याच्या मित्राला सांगेल, 'एवढी चटणी तिकडे दे, आणि येताना दही आण.' तो तिकडे पोहोचला की सून म्हणेल, 'बसा की, हा घाणा होऊ द्या.' पाच मिनिटांनी तिकडून इंजिनिअर गूळ मागायला येईल. असे दोघे-तिघे हलले की पुरे. ज्याची गप्पा रंगात आली आहे, त्याला मात्र उठवू नये.

वेळ आणि कणसे यांचा हिशेब

पेरणीनंतर साधारण तीन महिन्यांनी कणीस हुरड्यावर येते. दाणा नखाने दाबून बघावा. नुसते दूध आले तर अजून वेळ आहे, मऊ पिठूळ दाणा लागला तर बरोबर, नख रुतेना झाले तर हंगाम गेला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हुरड्यासाठी फुले उत्तरा आणि फुले मधुर हे वाण दिले आहेत, जुन्या लोकांची पसंती गुळभेंडीला असते. माणशी चार-पाच कणसे धरली, तर १२ पाहुणे आणि घरच्यांसाठी ७०-८० कणसे हाताशी असावीत. ती त्याच दिवशी सकाळी कापावीत.

पाहुण्यांना साडेनऊची वेळ दिली, तर आगटी नऊला पेटवावी. पण पहिला घाणा पाहुणे आल्याशिवाय लावू नये. सगळे तयार ठेवून आयते वाढणे हा पाहुणचार वाटतो, पण त्यात पाहुण्यांच्या हातचे काम जाते. लवकर आलेल्या पाहुण्याला कणसांची जुडी सोडायला किंवा बोरे निवडायला द्यावीत. येणाऱ्या पुढच्या पाहुण्याचे स्वागत मग तोच करतो.

दीड-दोन तासांत हुरडा आटोपतो. त्यानंतर ऊस, बोरे आणि शेतातून एक फेरी ठेवावी. चालताना दोघा-तिघांच्या नव्या जोड्या पडतात. हुरड्यावर लगेच पाणी पिऊ नये, ताक प्यावे, असे जुनी माणसे सांगतात. ते ताकही घरातून एकेकाला न देता एका जागी ठेवावे, म्हणजे लोक तिथे पुन्हा जमतात.

बिघडत चालले आहे, हे कसे ओळखायचे?

फिरत्या यजमानाने दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन्ही आगट्यांकडे नजर टाकावी. एखाद्याचे ताट रिकामे आणि नजर मोबाइलवर असेल, तर तो एकटा पडला आहे. त्याला 'कंटाळा आला का?' असे विचारू नये. 'जरा सूप धरता का?' असे म्हणून काम द्यावे. दोन जण एकमेकांकडे पाठ करून बसले असतील, तर त्यांच्यामध्ये स्टूल घेऊन स्वतः पाच मिनिटे बसावे.

एकच माणूस सलग बोलत असेल आणि बाकीचे मान डोलावत असतील, तर त्याला मान देऊन हलवावे : 'आबा, तिकडचे निखारे बघून घ्या की एकदा.' निवडणूक, उसाचा भाव, आरक्षण यांवर आवाज चढू लागला, तर वाद सोडवायला बसू नये. नवा घाणा काढून ताट मधे ठेवावे. गरम हुरडा थांबत नाही, हे सगळ्यांना माहीत असते.

बायका आत स्वयंपाकघरात आणि पुरुष बाहेर आगटीवर अशी विभागणी झाली, तर अर्धे पाहुणे अर्ध्यांना भेटतच नाहीत. म्हणून दुपारचे जेवण भरीत, भाकरी, ठेचा इतकेच ठेवावे. वांगी त्याच निखाऱ्यात भाजता येतात. म्हणजे कोणालाही आत अडकून पडावे लागत नाही.

या पद्धतीची मर्यादा

काही पाहुण्यांना शांत बसूनच बरे वाटते. दोन जणांशी नीट बोलून ते खूश असतील, तर त्यांना बाराही जणांकडे फिरवण्याची गरज नाही. ज्यांच्यात आधीपासून भांडण किंवा व्यवहाराचा तंटा आहे, त्यांना आगटी एकत्र आणू शकत नाही. अशांना वेगवेगळ्या रविवारी बोलावलेले बरे. आणि यादी वीसच्या पुढे गेली की हा हिशेब कोलमडतो. तिसरी आगटी लागते, पण फिरता यजमान एकच असतो.

हंगाम नसेल तर?

फ्लॅटमध्ये किंवा पावसाळ्यात आगटी शक्य नसते. तिथे असा पदार्थ निवडावा, जो थोडा-थोडा तयार होतो आणि ज्यात पाहुण्यांचा हात लागतो. गॅसवर भाजलेली मक्याची कणसे, ओल्या शेंगा उकडून सोलणे, गरम थालीपीठ एकेक करून वाटून खाणे, यांतले काहीही चालते. एकदम सगळे वाढून ठेवलेले टेबल मात्र टाळावे.

कार्यक्रम जमला की नाही, हे निरोपाच्या वेळी कळते. पाहुणे फक्त यजमानाचा निरोप घेऊन गाडीत बसले, तर हुरडा चांगला झाला एवढेच म्हणता येईल. मामी इंजिनिअरला 'पुढच्या रविवारी राहुरीला या, भाकरी दाखवते' असे सांगत असतील आणि बँकेतल्या मॅडम शेजारच्या काकूंचा नंबर घेत असतील, तर आदल्या रात्रीचा तो कागद कामी आला.